बाळाच्या दुपट्याचे विणकाम : ओळवार पाठ



कार्यानुभवाच्या तासाला लोकरीचे विणकाम घेताना बहुतेक शाळांतून मफलरीपासून आरंभ केला जातो. मफलर अरुंद असते, लवकर वाढते, म्हणून मुलांना ती सोपी वाटते हे खरे. पण तीत मोजमापाचा प्रश्न फारसा येत नाही. चार बोटे कमी भरली काय नि अधिक भरली काय, गळ्याभोवती गुंडाळली की काम भागते. दुपट्याचे तसे नाही. त्याच्या चारी कडा सरळ राहिल्या पाहिजेत, रुंदी आरंभापासून अखेरपर्यंत एकच राहिली पाहिजे, आणि ते तान्ह्या बाळाच्या अंगावर जावयाचे असल्याने त्यात बोट अडकेल असे छिद्र किंवा लोंबता दोरा राहता कामा नये. म्हणून प्रस्तुत पाठासाठी जाळी नसलेले, केवळ सुलट व उलट या दोनच टाक्यांचे, चौकटीच्या विणीचे दुपटे निवडले आहे. तयार झाल्यावर ते सुमारे ५५ सेंटीमीटर रुंद व ७० सेंटीमीटर लांब भरेल.

प्रथम लोकरीविषयी. आपल्या जिल्ह्यात धनगर बांधवांच्या मेंढ्यांची लोकर घोंगडीसाठी उत्तम. परंतु ती राठ असते व बाळाच्या कातडीला बोचते. बाजारात लोकर म्हणून जी गुंडी मिळते ती पुष्कळदा खरी लोकर नसून ॲक्रिलिकचा कृत्रिम धागा असतो. तो मऊ असतो, स्वस्त असतो, धुण्यास सोपा असतो. विणकाम शिकण्यास त्यात काहीच वावगे नाही. मात्र एक गोष्ट शिक्षकांनी अवश्य जाणून घ्यावी. ॲक्रिलिक पेट घेते, वितळते आणि वितळलेला भाग कातडीला चिकटतो. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत शेकासाठी शेगडी असते, हिवाळ्यात दाराशी शेकोटी असते. अशा घरी ॲक्रिलिकचे दुपटे विस्तवाजवळ नेऊ नये, हे दुपटे देतानाच स्पष्ट सांगावे. धागा कोणता हे ओळखण्याचा उपाय सोपा आहे. चार बोटे लांबीचा तुकडा चिमट्यात धरून शिक्षकाने स्वतः ज्योतीला लावावा. हे काम मुलांकडे देऊ नये. खरी लोकर केस जळल्याप्रमाणे वास देते, मागे आक्रसते व तिची राख बोटांनी चुरडली जाते. ॲक्रिलिक वितळून टोकाशी काळा कठीण मणी राहतो. सूत कागदाप्रमाणे जळते व करडी हलकी राख ठेवते. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव या बाजूस थंडीचे दिवस थोडे; तेथे जाड मऊ सूत घेतले तरी चालेल, पण सुताचे दुपटे वजनाला भारी होते आणि वाळण्यास वेळ घेते. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर या भागात लोकरच बरी.

धागा मध्यम जाडीचा, दुकानदार ज्याला डबल निट म्हणतात तो, घ्यावा. सुया ८ नंबरच्या, म्हणजे ४ मिलीमीटर जाडीच्या, घ्याव्यात. सुयांचे नंबर जुन्या इंग्रजी पद्धतीचे असल्याने येथे नंबर जसा वाढतो तशी सुई बारीक होते. ९ नंबरची सुई ८ हून बारीक आणि ७ नंबरची जाड. हे ठाऊक नसल्याने नेमकी उलट सुई आणली जाण्याचा प्रकार वारंवार घडतो.

टाके घालण्याची रीत अशी. दोऱ्याच्या टोकाशी सरकफास करून तो डाव्या सुईवर चढवावा. हा पहिला टाका. उजव्या सुईचे टोक त्यात समोरून मागे घालावे, टोकाभोवती दोरा फिरवावा, तो फास पुढे ओढून घ्यावा आणि डाव्या सुईवर चढवावा. हा दुसरा टाका. याच रीतीने पुढचे टाके घालावेत. ते सैलसर असावेत. सुईवर सहज मागेपुढे सरकले पाहिजेत.

सुलट टाक्यासाठी दोरा सुयांच्या मागे ठेवावा. उजवी सुई टाक्यात समोरून मागे घालून दोरा टोकाभोवती घ्यावा, फास पुढे ओढावा व जुना टाका डाव्या सुईवरून सोडावा. उलट टाक्यासाठी दोरा सुयांच्या पुढे आणावा. उजवी सुई टाक्यात उजवीकडून, मागून पुढे अशी घालावी, टोकाभोवती दोरा घ्यावा, फास मागे ढकलावा व जुना टाका सोडावा. सुलट टाका समोरून पाहिला असता गव्हाच्या ओंबीतील दोन दाण्यांप्रमाणे तिरपा जोड दिसतो. उलट टाका आडव्या मण्यासारखा दिसतो. एकाच टाक्याची ही दोन अंगे आहेत. समोरून जो ओंबी दिसतो तोच मागून मणी दिसतो. ही गोष्ट मुलांच्या ध्यानात आली की पुढील सारा पाठ त्यांना वाचून नव्हे, डोळ्यांनी पाहून विणता येतो.

दुपट्यास हात घालण्यापूर्वी नमुन्याचा तुकडा विणावा. त्याचे टाके २६. आरंभी ४ ओळी सर्व सुलट. नंतर चौकटीच्या ३२ ओळी, शेवटी पुन्हा ४ ओळी सर्व सुलट. एकूण ४० ओळी. चौकटीसाठी दोनच प्रकारच्या ओळी लागतात. त्यांना आपण क आणि ख म्हणू. नमुन्यात क ओळ अशी : ४ सुलट; ६ सुलट, ६ उलट, ६ सुलट; ४ सुलट. ख ओळ अशी : ४ सुलट; ६ उलट, ६ सुलट, ६ उलट; ४ सुलट. क्रम असा की क, ख आळीपाळीने विणून ८ ओळी कराव्यात, मग ख, क आळीपाळीने ८ ओळी, पुन्हा तसेच.

तुकडा सपाट जागी पसरावा व न ताणता मधल्या १८ टाक्यांची रुंदी मोजावी. ती ९ सेंटीमीटर भरली तर १० सेंटीमीटरमध्ये २० टाके बसतात आणि ११० टाक्यांचे दुपटे ५५ सेंटीमीटर होईल. समजा एका मुलीचा हात सैल आहे व तिचे १८ टाके १० सेंटीमीटर भरले. मग ११० टाक्यांस ६१ सेंटीमीटर लागतील. तिला ९ नंबरची सुई द्यावी. दुसरीचे १८ टाके ८ सेंटीमीटरमध्येच बसले तर तिचे दुपटे ४९ सेंटीमीटरचे होईल. तिला ७ नंबरची सुई द्यावी. हात बदलावयास सांगू नये, सुई बदलावी. ताकीद देऊन सैल केलेला हात दहा ओळींनी पुन्हा घट्ट होतो.

याच तुकड्यावरून लोकरीचा अंदाजही काढता येतो, आणि येथे गणिताच्या तासाची सांगड सहज बसते. नमुन्यात २६ गुणिले ४०, म्हणजे १०४० टाके आहेत. दुपट्यात ११० टाक्यांच्या २१६ ओळी, म्हणजे २३,७६० टाके आहेत. हे नमुन्याच्या सुमारे २३ पट झाले. एकटा तुकडा इतका हलका असतो की किराणा दुकानाच्या काट्यावर त्याचे वजन नीट कळत नाही. म्हणून दहा मुलांचे दहा तुकडे एकत्र तोलावेत. समजा ते ८० ग्रॅम भरले. मग एक तुकडा ८ ग्रॅमचा व दुपटे १८४ ग्रॅमचे. सोडलेली टोके व उसवाउसव धरून २२५ ग्रॅम लोकर एकदमच आणावी. निरनिराळ्या वेळी आणलेल्या गुंड्यांचा रंग दुकानात सारखा दिसतो, पण विणल्यावर फरक उमटतो. वेष्टनावरील रंगाच्या घाणीचा क्रमांक सर्व गुंड्यांवर एकच आहे की नाही, ते पाहून घ्यावे.

आता प्रत्यक्ष दुपटे. डाव्या सुईवर ११० टाके घालावेत आणि दोघांनी वेगवेगळे मोजावेत.

ओळ १ ते ८ : सर्व टाके सुलट. पहिली ओळ पुरी झाल्यावर, ही ओळ विणताना जी बाजू आपल्याकडे होती तिला रंगीत दोऱ्याची एक गाठ बांधून ठेवावी. ती दुपट्याची समोरची बाजू. यापुढे १, ३, ५ अशा विषम ओळी समोरून व सम ओळी मागून विणल्या जातील. गाठ आपल्याकडे दिसत असता सम ओळ चालू आहे असे वाटले तर मोजणी चुकली असे समजावे.

ओळ ९ (क) : ४ सुलट, ६ सुलट, ६ उलट असे ८ वेळा, मग ६ सुलट, शेवटी ४ सुलट.

ओळ १० (ख) : ४ सुलट, ६ उलट, ६ सुलट असे ८ वेळा, मग ६ उलट, शेवटी ४ सुलट.

ओळ ११, १३ व १५ : ओळ ९ प्रमाणे.

ओळ १२, १४ व १६ : ओळ १० प्रमाणे.

येथे चौकटींची पहिली रांग पुरी झाली. समोरून पाहता एक चौकट ओंब्यांची, एक मण्यांची अशा १७ चौकटी दिसल्या पाहिजेत. दोन्ही टोकांस ओंब्यांचीच चौकट येते.

ओळ १७ (ख) : ओळ १० प्रमाणेच, पण समोरून.

ओळ १८ (क) : ओळ ९ प्रमाणेच, पण मागून.

ओळ १९, २१ व २३ : ओळ १७ प्रमाणे.

ओळ २०, २२ व २४ : ओळ १८ प्रमाणे.

येथे दुसरी रांग पुरी झाली. आता चौकटींची अदलाबदल झालेली दिसेल; ओंब्यांवर मणी, मण्यांवर ओंब्या.

ओळ २५ ते २०० : ओळ ९ ते २४ या सोळा ओळी आणखी ११ वेळा. म्हणजे पहिली धरून एकूण १२ वेळा झाल्या.

ओळ २०१ ते २०८ : ओळ ९ ते १६ प्रमाणे. या जादा रांगेमुळे दुपट्याचे वरचे टोक खालच्या टोकासारखेच दिसते. रांगा २५ होतात.

ओळ २०९ ते २१६ : सर्व सुलट.

ओळ २१७ : टाके बंद करणे. दोन टाके सुलट विणावेत. पहिला टाका दुसऱ्यावरून ओढून सोडावा. पुन्हा एक विणावा, मागचा त्यावरून सोडावा. या ओळीसाठी उजव्या हातात ७ नंबरची सुई घ्यावी. त्याच सुईने घट्ट बंद केल्यास वरची कड आखडते व दुपट्याचा आकार पिशवीच्या तोंडासारखा होतो. शेवटच्या टाक्यातून दोरा ओवून घ्यावा.

वरील क्रम पाहिल्यास एक गंमत आढळेल. ओळ १६ ही ख आहे आणि १७ हीही ख. ओळ २४ ही क आणि २५ हीही क. म्हणजे रांग बदलते तेथे, मागची ओळ जशी विणली तशीच पुढची विणावयाची, एरवी आळीपाळीने. टाक्यांकडे पाहून विणणाऱ्या मुलांना दुसऱ्या शब्दांत सांगावे : रांग चालू असता समोर ओंबी दिसेल तेथे सुलट, मणी दिसेल तेथे उलट, नवी रांग सुरू होताना मात्र पहिल्या ओळीत याच्या बरोबर उलट. कडेचे चार-चार टाके या नियमाबाहेरचे. तेथे मणी दिसला तरी सुलटच विणावयाचा. हा अपवाद न सांगितल्यामुळे हुशार मुलेच अधिक चुकतात, असा माझा अनुभव आहे.

ओळी मोजण्यासाठी वहीत रेघा ओढण्याची सवय मुलांना लागत नाही. आठ चिंचोके एका वाटीत ठेवावेत व ओळ संपली की एक दुसऱ्या वाटीत टाकावा. आठही गेले की एक रांग झाली. तिचा एक खडा डबीत टाकावा व चिंचोके परत आणावेत. डबीत २५ खडे झाले की चौकटींचे काम संपले.

आता चुकांविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. कारण दुपटे बिघडते ते विणीच्या अडचणीमुळे नव्हे, टाके नकळत वाढल्यामुळे. माझ्या वर्गातील पहिले दुपटे ११० टाक्यांनी आरंभ होऊन हातभर वाढले तेव्हा १२१ टाक्यांचे झाले होते. आयत विणावयास बसलो आणि समलंब चौकोन हाती आला. हे टाके दोन ठिकाणांहून शिरतात.

पहिले ठिकाण म्हणजे ओळीचा आरंभ. सुया पालटल्यावर दोरा सुईच्या वरून मागे ओढला गेला, तर पहिला टाका ताणून त्याचे दोन्ही पाय सुईवर येतात आणि तो दोन टाक्यांसारखा दिसतो. मूल दोन्हींत सुई घालून दोन टाके विणते. कड एकेका टाक्याने पसरत जाते, पण छिद्र पडत नाही, म्हणून चटकन ध्यानात येत नाही. उपाय असा की सुई पालटल्यावर दोरा प्रथम खाली ओढावा, पहिला टाका एकेरी दिसतो याची खात्री करावी आणि दोरा सुईच्या खालूनच मागे न्यावा.

दुसरे ठिकाण म्हणजे सुलटावरून उलटावर जाण्याची जागा. दोरा दोन सुयांच्या मधून पुढे आणावयाचा असतो, आणि उलटावरून सुलटावर येताना मधूनच मागे न्यावयाचा असतो. मुले तो सुईवरून घेतात किंवा आणावयाचे विसरतात. सुईवर एक वेटोळे जादा राहते, पुढच्या ओळीत ते टाका म्हणून विणले जाते आणि त्याखाली छिद्र पडते. छिद्र चौकटींच्या सीमेवर दिसले तर चूक हीच, असे निश्चित समजावे. पुढची ओळ विणण्यापूर्वी ध्यानात आल्यास ते वेटोळे सुईवरून नुसते सोडून द्यावे. दोरा आपोआप बसतो. नंतर ध्यानात आल्यास तेथपर्यंत उसवावे. दोन टाके एकत्र विणून संख्या जुळवू नये. संख्या जुळते, पण छिद्र तसेच राहते, आणि बाळाचे बोट नेमके त्यातच जाते.

म्हणून प्रत्येक रांगेच्या शेवटी टाके मोजावेत. कडेचे ४, मग सहा-सहाचे १७ गट, पुन्हा ४. संख्या ११० न भरल्यास बिघाड गेल्या आठ ओळींतच आहे हे निश्चित होते, आणि फार तर आठ ओळी उसवाव्या लागतात.

टाका गळाल्यास तो शिडीसारखा खाली उतरत जातो. घाबरून दुपटे ओढू नये. ज्या बाजूने तो टाका ओंबीसारखा दिसतो ती बाजू आपल्याकडे करावी, क्रोशाची सुई गळालेल्या फासात घालावी, शिडीची सर्वांत खालची पायरी त्यातून ओढावी, मग तिच्यावरची, असे वर येऊन टाका डाव्या सुईवर चढवावा. चौकटींच्या दोन रांगांत तो उतरला असेल तर सीमेवर बाजू पालटावी लागते. कडेच्या चार टाक्यांत मात्र प्रत्येक पायरीला बाजू पालटावी लागत असल्याने तेथे उसवणेच सोपे.

नवी गुंडी नेहमी ओळीच्या आरंभी जोडावी. जुन्या व नव्या दोऱ्याची वीतभर टोके सोडावीत, मधोमध गाठ मारू नये. सर्व टोके शेवटी बोथट सुईने कडेच्या पट्ट्यात आधी एका दिशेने व मग उलट दिशेने ओवून कापावीत. सैल टोक बाळाच्या बोटाभोवती गुंडाळले गेल्यास रक्त अडते. म्हणून दुपटे देण्यापूर्वी दोन्ही बाजू प्रकाशात धरून तपासाव्यात.

वेळेचा हिशेब आधीच करावा. नवशिके मूल मिनिटाला पंधरा टाके विणते असे धरल्यास २३,७६० टाक्यांस १५८४ मिनिटे लागतात. रोज अर्धा तास विणले तर ५३ दिवस. थंडीत बाळाच्या अंगावर दुपटे यावे अशी इच्छा असेल, तर घटस्थापनेच्या सुमारास टाके घातले पाहिजेत. काम वाटून देण्याचा मोह होतो, पण एका दुपट्यावर पाच हात फिरले की घट्ट-सैल पट्टे उठतात. दोघांनाच द्यावे, आणि तीही ज्यांच्या नमुन्याच्या तुकड्यांची रुंदी सारखी भरली अशी. इतरांचे तुकडे आठ-आठ मिळून शिवल्यास बसावयाची आसने होतात.

विणून झाल्यावर दुपटे कोमट पाण्यात साध्या साबणाने धुवावे. खरी लोकर कढत पाण्यात चोळल्यास आटून नमद्यासारखी होते, व ती परत पूर्ववत होत नाही. पिळू नये, टॉवेलात गुंडाळून दाबावे. दोरीवर टांगल्यास ओल्या वजनाने ते लांबते, म्हणून सावलीत सतरंजीवर पसरून, पट्टीने ५५ व ७० सेंटीमीटर मोजून, हाताने कडा सरळ कराव्यात. कडेचा सुलट पट्टा उभ्या दिशेने थोडा आखडलेला असतो. तोही याच वेळी हलके ओढून बसवावा. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री फिरवू नये. वीण चपटी होते आणि उब जाते.

दुपटे मातेच्या हाती देताना तीन गोष्टी सांगाव्यात. विस्तवाविषयी वर लिहिलेच आहे. बाळाला दुपट्यात गुंडाळताना पाय सरळ करून आवळू नयेत, ते गुडघ्यांत दुमडून मोकळे राहिले पाहिजेत. आवळल्याने खुब्याच्या सांध्यास अपाय होतो. आणि एक वर्षाच्या आतील बाळ झोपलेले असता त्याच्या अंगावर हे सैल पांघरूण टाकून निघून जाऊ नये. ते तोंडावर सरकले तर दूर करण्याचे बळ तान्ह्या हातांत नसते. मांडीवर घेताना, बाहेर नेताना, अंगणात उन्हाला बसताना ते पांघरावे. झोपेत उबेसाठी अंगालगतचे झबले व गरज पडल्यास दुसरे झबले घालावे.